कमरेला मानवणारा डेडलिफ्ट आणि प्रेस: ट्रॅप बार व लँडमाइनवरचे बारा आठवडे

हे प्रकरण कुणा एकाच व्यक्तीचं नाही. वेटरूममध्ये पुन्हापुन्हा दिसणाऱ्या तक्रारी एकत्र करून बेतलेलं हे नमुना प्रकरण आहे.

वय ४३, उंची १८३ सेंटीमीटर, दिवसभर खुर्चीतलं काम, वजनं उचलण्याचा चार वर्षांचा सराव. बारबेल डेडलिफ्ट ११० किलोच्या पाच रेप्स, उभ्याने ओव्हरहेड प्रेस ४५ किलोच्या पाच रेप्स. आकडे वाईट नाहीत. पण गेल्या वर्षभरात दर जड डेडलिफ्टनंतर दुसऱ्या दिवशी कंबर धरायची आणि दोनदा तर मोजे घालायलाही वाकवेना. प्रेसच्या दिवशीचं दुखणं निराळं होतं: कमरेच्या अगदी खालच्या भागात, मधोमध, मागे झुकलं की चिमटा बसल्यासारखं. त्याने दोन्ही व्यायाम महिनाभर बंद ठेवले, दुखणं गेलं. पुन्हा सुरू केले, दोन आठवड्यांत परत आलं.

अशा वेळी पहिला प्रश्न व्यायामाचा नसतो. दुखणं गुडघ्याखाली पायात उतरतंय का, पायात मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, पावलाचा जोर कमी झालाय का, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप किंवा कारण नसताना घटलेलं वजन आहे का, हे आधी विचारायचं. यातलं काही असेल तर बार बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं असेल तर त्याच दिवशी, थेट इस्पितळात. इथे यातलं काहीच नव्हतं आणि डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नसल्याचं सांगितलं होतं. पुढचं सगळं त्या पायावर उभं आहे.

बाजूने घेतलेल्या व्हिडिओत काय दिसलं

कॅमेरा खुब्याच्या उंचीवर, बरोबर बाजूला, तीन मीटरवर. ८० किलोवर सगळं ठीक दिसत होतं. ११० किलोवर दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे बार पकडायला खाली जाताना शेवटच्या आठ-दहा सेंटीमीटरमध्ये खुबे वाकायचे थांबत आणि उरलेलं अंतर कंबर गोल करून भरून निघे. उंच शरीर, लांब मांड्या आणि जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर असलेला बार, हे गणित त्याला जुळत नव्हतं. (४५ सेंटीमीटर व्यासाच्या प्लेट्स लावल्या की बारचा मध्य कुणासाठीही त्याच उंचीवर येतो, माणूस दीडशे सेंटीमीटरचा असो की दोनशेचा. प्लेटच्या या मापाचा तुमच्या खुब्याशी काही संबंध नाही.)

दुसरी गोष्ट अशी की गुडघ्यापाशी बार नडगीपासून सुमारे पाच सेंटीमीटर पुढे सरकत होता. पाच सेंटीमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. पण ११० किलो पाच सेंटीमीटर पुढे गेले की कमरेवरचा वाकवणारा जोर सुमारे ५४ न्यूटन-मीटरने वाढतो, म्हणजे हातात ११ किलोची वस्तू शरीरापासून अर्धा मीटर लांब धरल्याइतका. आधीच्या भारावर ही भर, तीही नेमकी पाठ गोल झालेली असताना.

प्रेससाठी भिंतीची चाचणी घेतली. पाठ, डोकं आणि खुबे भिंतीला टेकवून टाचा एक वीत पुढे, कोपर सरळ, अंगठे वर आणि दोन्ही हात डोक्यावर न्यायचे. त्याचे अंगठे भिंतीपासून बरेच अलीकडे थांबले. तिथून पुढे न्यायला सांगितलं तेव्हा बरगड्या वर उचलल्या गेल्या आणि कंबर भिंतीपासून सुटली. हात डोक्यावर जाताना कमी पडणारं अंतर दर रेपला कंबर मागे वाकून भरून काढत होती, तेही वर ४५ किलो असताना. मागे झुकताना बसणारा चिमटा इथून येत होता.

म्हणजे दोन व्यायामांत कमरेची दोन वेगळी दुखणी होती. डेडलिफ्टमध्ये पुढे गोल होणं, प्रेसमध्ये मागे वाकणं. एकच ‘कंबर कमजोर आहे’ असा शिक्का मारून प्लँक आणि पालथं झोपून हात-पाय वर उचलायचे सुपरमॅन करायला लावले असते तर दुसऱ्या दुखण्यात भरच पडली असती.

एक बारीक गोष्ट बोलता बोलता कळली. तो पहाटे साडेपाचला उठून सहाला बार उचलत होता. रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि उठल्यावरच्या पहिल्या तासाभरात वाकताना त्यांच्यावर येणारा ताण दिवसातल्या इतर वेळांपेक्षा जास्त असतो. वेळ बदलणं शक्य नव्हतं, म्हणून क्रम बदलला. आधी चालणं, मग प्रेस आणि वरच्या शरीराचे व्यायाम, आणि जमिनीवरून उचलायचं वजन सगळ्यात शेवटी, उठल्यापासून सव्वा तासाने. खर्च शून्य.

ट्रॅप बार: फायदा कुठून येतो

ट्रॅप बारच्या षटकोनी चौकटीत माणूस मध्ये उभा राहतो आणि मुठी शरीराच्या दोन्ही बाजूंना येतात. सरळ बारला नडगी आडवी येते, त्यामुळे तो तिच्या पुढेच राहतो. ट्रॅप बारमध्ये आडवं काहीच नसल्याने भाराची रेषा खुब्यांच्या जवळ सरकते. कंबर आणि खुब्यावरचा वाकवणारा जोर कमी होतो, गुडघ्यावरचा वाढतो. स्विंटन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पॉवरलिफ्टरांवर दोन्ही बारांची तुलना केली तेव्हा हेच मोजमापात आलं. त्याच अभ्यासात ट्रॅप बारवर कमाल वजनही जास्त उचललं गेलं.

हे शेवटचं वाक्य लोक खुशीने वाचतात आणि तिथेच फसतात. ट्रॅप बारवर दहा टक्के जास्त वजन सहज येतं म्हणून ते लावलं, तर कमी झालेला जोर वाढलेल्या वजनाने भरून निघतो आणि कंबर होती तिथेच राहते. म्हणून इथे पहिला नियम असा ठरला: बाराही आठवडे ट्रॅप बारवर जुन्या ११० किलोच्या वर जायचं नाही, कितीही हलकं वाटलं तरी.

बहुतेक ट्रॅप बारना दोन उंचीच्या मुठी असतात. खालची मूठ सरळ बारइतक्याच उंचीवर येते आणि बार उलटा केला की वरची मूठ साधारण दहा सेंटीमीटर उंच मिळते. त्याची पाठ गोल होत होती ती नेमकी शेवटच्या आठ-दहा सेंटीमीटरमध्ये, त्यामुळे वरची मूठ हीच सुरुवात. वापरण्याआधी बार काट्यावर तोलला. ट्रॅप बार २० किलोचे असतात तसे ३० किलोचेही असतात, आणि अंदाजाने धरलेल्या वजनावर आठवड्याची वाढ ठरवणं निरर्थक आहे. हा २५ किलोचा निघाला. दर बाजूला १५ आणि अडीच, एकूण ६० किलो. १५ किलोची प्लेट ४५ सेंटीमीटर व्यासाची असणं महत्त्वाचं. लहान व्यासाच्या लोखंडी प्लेट्स लावल्या की मूठ खाली जाते आणि वरच्या मुठीचा फायदा गुपचूप नाहीसा होतो. तशाच प्लेट्स असतील तर त्यांच्याखाली ठोकळे ठेवायचे.

पहिल्या तीन आठवड्यांत ६० ते ७० किलो, तीन सेट, आठ रेप्स, आठवड्यातून दोनदा. प्रत्येक सेटअखेर अजून तीन रेप्स निघतील इतकी ताकद शिल्लक. उचलण्याची रीत अशी:

१. पावलं खुब्यांइतक्या अंतरावर, पावलाचा मध्य मुठीच्या मध्याच्या रेषेत. फार पुढे किंवा मागे उभं राहिलं की बार उचलताना डोलतो.
२. आधी खुबे मागे, मग गुडघे. खांदे मुठींच्या वर, नडग्या किंचित पुढे झुकलेल्या.
३. मूठ बरोबर मधोमध पकडायची. दोन सेंटीमीटर चुकलं तरी चौकट पुढे किंवा मागे कलते. चौकटीची पुढची कड आधी उचलली गेली तर पकड पुढे सरकलेली आहे.
४. पोटात श्वास भरून कमरेभोवती सगळीकडून दाब, बगला घट्ट, आणि मग जमीन पायाखाली ढकलायची.
५. वर पोचल्यावर सरळ उभं राहायचं, मागे झुकायचं नाही. खाली नेताना पुन्हा खुबे आधी. प्रत्येक रेप जमिनीवर पूर्ण थांबवायची. आपटून उसळवलेला ट्रॅप बार सरळ बारपेक्षा जास्त डोलतो.

दुसऱ्या आठवड्यात नेहमीची चूक दिसली. ‘हा बार म्हणजे हातात वजन घेतलेला स्क्वॉट’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून त्याने खुबे फार खाली नेले आणि गुडघे फार पुढे. त्या जागेतून वजन उचलत नाही, म्हणून बार हलायच्या आधी खुबे झटकन वर येतात, पाठ आडवी होते आणि उचलणं कमरेवर येतं. व्हिडिओत ओळखायची खूण सोपी आहे: प्लेट जमिनीवर असतानाच कमरेचा पट्टा वर सरकला, तर सुरुवातीची जागा चुकली. खुबे सुरुवातीपासूनच दोन-तीन इंच उंच ठेवले आणि प्रश्न सुटला.

लँडमाइन प्रेस आणि हातात खरंच किती वजन येतं

लँडमाइनमध्ये बारचं एक टोक जमिनीवरच्या फिरत्या खोबणीत अडकवतात आणि दुसरं टोक हातात धरून ढकलतात. मार्ग सरळ वर जात नाही. वर आणि पुढे अशा कमानीत जातो. शेवटी हात कानाच्या पुढेच राहतो, त्यामुळे भिंतीच्या चाचणीत कमी पडलेलं अंतर इथे लागतच नाही. कंबर मागे वाकण्याचं कारण निघून जातं.

खोबणी नसेल तर बारचं टोक भिंतीच्या कोपऱ्यात टेकवता येतं, पण टोकाला जाड टॉवेल गुंडाळून त्यावर एक जड प्लेट आडवी ठेवायची. नाहीतर भिंतीचा पोपडा निघतो आणि बार सटकतो.

वजनाचा हिशेब इथे बहुतेकांचा चुकतो. २.२ मीटर लांबीचा २० किलोचा बार एका टोकाला टेकलेला असल्याने हातात त्याचे साधारण दहा किलो येतात. हातातल्या टोकाला लावलेली दहा किलोची प्लेट हातापेक्षा थोडी आत असते, तिचे साडेआठच्या आसपास. मिळून साडेअठरा. पण दांडीला काटकोनात ढकलत गेलो तर दांडी जितकी उभी होते तितका भार हलका होतो. अर्ध्या गुडघ्यावर, म्हणजे एकच गुडघा जमिनीवर टेकवून बसून, त्याच्या उंचीच्या माणसाला सुरुवातीला सोळा-सतरा किलो आणि शेवटी सुमारे चौदा किलो लागतात. उभ्याने केलं तर सुरुवातीलाच चौदा आणि शेवटी जेमतेम सात-आठ. म्हणून उभ्याने केलेला लँडमाइन प्रेस वरच्या टप्प्यात खांद्याला फारसं काही देत नाही. मग लोक वजन वाढवतात, आणि ते वजन खांद्यापाशी आणायला कमरेतून झोका देतात. अर्ध्या गुडघ्यावर भार मार्गभर बराच सारखा राहतो. आणखी एक लाभ म्हणजे ज्या बाजूचा गुडघा जमिनीवर आहे तिकडचा खुबा सरळ असतो, त्या बाजूचा नितंब आवळला की कंबरेला मागे वाकायला जागाच उरत नाही.

त्याच्यासाठी रीत अशी ठरली. उजव्या हाताने ढकलायचं तर उजवा गुडघा खाली, गुडघ्याखाली गादी, मागच्या पावलाची बोटं जमिनीत रोवलेली. बारचं टोक उजव्या खांद्यासमोर, तळहाताच्या बुडाशी, मनगट सरळ. कोपर बरगड्यांपासून थोडं पुढे, बाहेर पसरलेलं नाही. उजवा नितंब आवळायचा, श्वास सोडून बरगड्या खाली आणायच्या आणि बारकडे किंचित पुढे झुकून ढकलायचं. शेवटी खांद्याचं पातं पुढे आणि वर सरकू द्यायचं. ते मागे दाबून धरणं ही बेंच प्रेसची सवय आहे आणि इथे ती आडवी येते. दहा किलोच्या प्लेटने दर बाजूला आठ रेप्सचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा.

चूक होतेय हे कळायचं कसं? पट्ट्याचं बक्कल सरळ खोबणीकडे बघत राहिलं पाहिजे. ते डावीकडे वळलं तर ढकलणं खांद्याऐवजी कमरेच्या पिळातून होतंय. खाली टेकलेल्या बाजूच्या कमरेत ताण जाणवला तर नितंब सुटलाय. दोन्ही वेळा सेट तिथेच थांबवून प्लेट कमी करायची.

सहाव्या आठवड्यातलं दुखणं

चौथ्या आठवड्यापासून ट्रॅप बार दर आठवड्याला पाच किलोने वाढत गेला आणि सहाव्या आठवड्यात ८५ किलोवर आला. नियम चोवीस तासांचा होता: व्यायाम करताना दुखणं दहापैकी दोनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी मोजे घालताना ते नेहमीच्या पातळीवर परतलेलं हवं. पाच आठवडे ते परतत होतं. सहाव्यात दोन्ही सत्रांनंतर सकाळी कंबर धरलेली.

सगळ्यांचं बोट ट्रॅप बारकडे गेलं. व्हिडिओत मात्र ट्रॅप बार स्वच्छ होता, पाठ सपाट, बार सरळ वर. मग त्या आठवड्यात नवीन काय आलं ते पाहिलं. लँडमाइनला बार तयारच आहे म्हणून त्याने आपणहून दोन्ही पायांमध्ये बार घेऊन, वाकून ओढायची रो जोडली होती. ४० किलोच्या प्लेट्स, दहा रेप्सचे चार सेट. त्यात एका सेटला चाळीस-पन्नास सेकंद धड जवळपास आडवं, कंबरेला कुठलाच टेका नाही, आणि शेवटच्या रेप्सना वरचं शरीर झटके देतंय. चार सेट मिळून कंबर तीन मिनिटं धरून ठेवायची आणि थकलेल्या त्याच कमरेने लगेच ट्रॅप बार. ट्रॅप बारने वाचवलेलं सगळं रोने खर्चून टाकलं.

लँडमाइनचे व्यायाम सरसकट ‘कमरेला सोपे’ म्हणून मोजले जातात, त्यात ही रो बसत नाही. दोन्ही हातांनी बार एका बाजूकडून दुसरीकडे फिरवायचा व्यायामही बसत नाही, निदान ज्याची कंबर आत्ताच शांत झालीय त्याच्यासाठी. फायदा यंत्रात नसून धडाच्या कोनात आहे. प्रेसमध्ये धड जवळपास उभं असतं, रोमध्ये आडवं.

दुरुस्ती दोन पावलांची. दोन पायांमधली रो काढून तिच्या जागी बाकावर छाती टेकवून डंबेल रो. आणि एक आठवडा ट्रॅप बार ७५ किलोवर. सकाळचं दुखणं पुढच्या दोन सत्रांत नेहमीच्या पातळीवर आलं. एका वेळी दोन बदल केल्याने नेमकं कारण कुठलं हे शंभर टक्के सिद्ध होत नाही, हे खरं. पण नंतर ट्रॅप बार पुन्हा ८५ आणि ९० किलोवर नेला, रो तशीच टेकलेली ठेवली, आणि कंबर गप्प राहिली.

खालची मूठ

नवव्या आठवड्यात बार उलटून खालच्या मुठी घेतल्या. एकदम दहा सेंटीमीटर खाली जाण्याऐवजी आधी प्लेट्सखाली पाच सेंटीमीटरचे ठोकळे, वजन ९० वरून ७० किलो. निकष वजनाचा नव्हता, व्हिडिओचा होता: मुठीला हात लागेपर्यंत कमरेचा आकार बदलता कामा नये. दोन आठवडे तो टिकला, मग ठोकळे काढले. बाराव्या आठवड्यात खालच्या मुठीने ९५ किलोच्या पाच रेप्स. लँडमाइन प्रेस साडेसतरा किलोच्या प्लेट्सवर आठ रेप्स, दोन्ही बाजूंना सारख्या.

ठोकळ्यांशिवाय, थेट जमिनीवरून खालच्या मुठीने उचलणं प्रत्येकाला जमतंच असं नाही. ठोकळे काढल्यावर पाठ गोल होत असेल तर कायम वरच्या मुठीने उचलण्यात काहीही उणं नाही. स्पर्धेत उतरायचं नसेल तर साडेबावीस सेंटीमीटर कुणी मागत नाही.

उणीव दुसरीकडे आहे. भार गुडघ्याकडे सरकल्यामुळे मांडीच्या मागच्या स्नायूंना ट्रॅप बारमध्ये सरळ बारपेक्षा कमी काम मिळतं. म्हणून आठवड्यातून एकदा झोपून किंवा बसून करायचं लेग कर्ल, दहा ते बारा रेप्सचे तीन सेट, जोडलं. गुडघा दुखणाऱ्यासाठी ही अदलाबदल उलटी पडू शकते. तिथे वरच्या मुठीनेच, खुबे थोडे उंच ठेवून उचलायचं. लँडमाइन प्रेसचीही मर्यादा आहे: हात पूर्ण डोक्यावर नेऊन तिथे वजन सांभाळण्याची ताकद त्यातून येत नाही. ज्याला सरळ ओव्हरहेड प्रेसच हवा आहे त्याने खांद्याची हालचाल वेगळी कमवायला हवी. त्याच्या बाबतीत बाराव्या आठवड्यात भिंतीची चाचणी पुन्हा घेतली, तर अंगठे भिंतीजवळ आले होते पण टेकत नव्हते. म्हणून बारबेल प्रेस परत आणला नाही. एका हाताने, अर्ध्या गुडघ्यावर, १० किलोच्या डंबेलने डोक्यावर ढकलणं सुरू केलं, आणि बरगड्या उचलल्या गेल्या की त्या सेटचा शेवट.

सरळ बारची चाचणीही शेवटी एकदा झाली. प्लेट्सखाली दहा सेंटीमीटरचे ठोकळे, ८० किलो, पाच रेप्स. सकाळी मोजे नेहमीसारखे चढले. तरी आठवड्याचं मुख्य उचलणं ट्रॅप बारवरच ठेवलं आणि सरळ बार दोन आठवड्यांतून एकदा, ठोकळ्यांवरून, जास्तीत जास्त ९० किलोपर्यंत.